जेट स्प्रेचा पाईप गळत होता, शेवटी स्वतःच बदलला (माझा अनुभव)

आमच्या टॉयलेटमधला जेट स्प्रे, म्हणजे हेल्थ फॉसेट, महिनाभर गळत होता. धार वगैरे नाही, नुसतं टिपटिप, पण खालची फरशी कायम ओली आणि आई रोज म्हणायची की एक दिवस कुणीतरी घसरणार. प्लंबर 'येतो येतो' करून दोनदा आलाच नाही म्हणून रविवारी मीच बसलो.

आधी चूक सांगतो. पाईप जिथे भिंतीतल्या अँगल कॉकला लागतो तिथून पाणी येतंय असं वाटलं म्हणून मी नट सोडला, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारले आणि पान्याने करकचून आवळला. गळती उलट वाढली! या जॉइंटला पाणी आटे अडवत नाहीत, नटच्या आत जो चपटा रबरी वायसर असतो तो कॉकच्या तोंडावर दाबला जातो आणि तो अडवतो. टेप जाड झाली की नट पूर्ण वर चढतच नाही, वायसर नीट दाबला जात नाही, मग तुम्ही कितीही आवळा.

म्हणून सगळं परत खोललं. अँगल कॉक बंद केला आणि मग गनचा खटका दाबून पाईपमधलं प्रेशर काढून टाकलं, नाहीतर नट सोडल्यावर तोंडावर फवारा येतो (पहिल्या वेळी आला होता). तुमचा कॉक बंद करूनही पाणी थेंबथेंब येत असेल तर बाथरूमचा मेन व्हॉल्व बंद करा. टेप ब्लेडने खरवडून काढली. नटमध्ये बघितलं तर वायसरच नाही, म्हटलं पडला कुठेतरी, पण कॉकच्या तोंडावर बोट फिरवलं तर तिथे काळा, कडक झालेला वायसर चिकटून बसलेला होता. तो तसाच ठेवून वर नवीन बसवला असता तर दोन वायसर एकावर एक सरकले असते आणि परत तेच. बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचकटला, दोन तुकड्यांत निघाला. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे तोंडावर पांढरा क्षार साचलेला, तो व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं वीसेक मिनिटं गुंडाळून ठेवल्यावर जुन्या टूथब्रशने निघाला. कॉकच्या तोंडाची कड तुटलेली असती तर मात्र वायसर घालून काही झालं नसतं, कॉकच बदलावा लागला असता.

नवीन अर्धा इंची वायसर टाकला, नट हाताने फिरत होता तेवढा फिरवला, मग पान्याने फक्त पाव आटा. कॉक उघडला, टिश्यू पेपर गुंडाळला, कोरडा. मी खूश! पण पाच मिनिटांनी खाली परत थेंब 😅

आता पाईप पूर्ण पुसून वरून खालपर्यंत टिश्यू लावत गेलो. पाणी गनच्या बाजूने येत होतं, आणि तेही नटमधून नाही तर नटच्या खाली जिथे स्टीलच्या वेटोळ्यात पाईप दाबून बसवलेला असतो तिथून. म्हणजे आतली नळी फाटली होती, याला वायसरचा इलाज नाही, पाईपच बदलायचा. आमच्याकडे कॉक चोवीस तास चालू ठेवायची सवय, सगळं प्रेशर रात्रंदिवस त्या नळीवर, फाटणारच ना. हल्ली वापर झाला की कॉक बंद करतो.

जुना पाईप पिशवीत घालून दुकानात नेला, दोन्ही नट दाखवले आणि जुळणारा घेतला. वायसर पाईपसोबत येतात, पण दोन्ही टोकांत आहेत ना ते दुकानातच बोट घालून बघा, माझ्या पाकिटात एकच होता, दुसरा मागून घेतला. घरी आल्यावर आधी कॉकची बाजू लावली, गन न लावता पाईपचं तोंड बादलीत धरून थोडं पाणी सोडलं म्हणजे कचरा गनमध्ये जाऊन अडकत नाही, मग कॉक बंद करून गन जोडली. गनचे आटे प्लास्टिकचे, तिथे पाना अजिबात लावायचा नाही, हातानेच. नट फिरवताना दुसऱ्या हाताने पाईप धरून ठेवला, नाहीतर पाईपला पीळ पडतो आणि गन हुकवर सरळ राहत नाही.

त्या एका रात्री मुद्दाम कॉक उघडा ठेवून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी कोरडं ठणठणीत. फक्त एक घोळ झाला, नट जुळवायच्या नादात लांबी बघितलीच नाही, जुना सव्वा मीटरचा होता आणि हा मीटरचा आहे, त्यामुळे आईचं आता नवीन सुरू झालंय, "अरे हा पुरत नाही रे!"