हळकुंड मोडलं तेव्हा झालेलं बोलणं

वसमत तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज मी बघते. आमचा माल हळद. छत्रपती संभाजीनगरला खरेदीदार आणि शेतकरी कंपन्यांची भेट घडवणारा एक दिवसाचा मेळावा होता. तिथून परत आल्यावर मी एक मेल लिहिला, त्यातून एक फोन झाला आणि त्या फोनवर जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही.

असल्या मेळाव्यात बाहेरून दिसत नाही ते एवढंच, की प्रत्येक टेबलावरची हळद सारखीच दिसते आणि प्रत्येकाच्या पत्रकावर तेच लिहिलेलं असतं. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही आता सगळ्यांच्या पत्रकावर पहिल्या ओळीत असतं. संध्याकाळी आयोजक खरेदीदारांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि रात्रीपर्यंत यादीतल्या प्रत्येकाला प्रत्येक कंपनीचा एकच मजकूर जातो: भेटून आनंद झाला, सोबत माहितीपत्रक जोडलं आहे. त्या यादीने आमच्या कंपन्यांचं भलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी ते खरेदीदार अनोळखी नंबरचं काही उघडतच नाहीत.

त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी पुण्याच्या एका मसाला कंपनीचे खरेदी अधिकारी आमच्या टेबलापाशी थांबले. भाव विचारला नाही. ताटातलं सगळ्यात जाड हळकुंड उचललं आणि मोडलं. कट असा आवाज आला. मग मोडलेली बाजू त्यांनी माझ्यासमोर धरली. कडेला छान नारिंगी-पिवळं होतं आणि मधोमध एक गडद, जरा तेलकट वाटणारा ठिपका होता. म्हणाले, "बाहेरून खणखणीत आहे, ताई, पण हा गाभा बघा. जाड आणि बारीक माल तुम्ही वेगळा वाळवता का?"

हा प्रश्न हळदीतल्या माणसाचाच. गट्टू म्हणजे झाडाच्या बुडाचा जाड, गोल कंद. गट्टू आणि हळकुंड एकत्र शिजवलं तर हळकुंड शिजून तयार होतं तेव्हा गट्टू आत कच्चा असतो, आणि गट्टूसाठी थांबलं तर हळकुंडाचा रंग उतरतो. वाळवतानाही तेच. बारीक माल आधी वाळतो, त्याच्याकडे बघून सगळा ढीग गोळा केला की जाड मालाच्या गाभ्यात ओल राहते. पॉलिशच्या ड्रममधून निघाल्यावर दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. पुढे पावसाळ्यात, गोदामात, आतली ओल बाहेर येते आणि बुरशी धरते.

मी त्यांना खरं ते सांगितलं. आमच्या बॉयलरवर शिजणारा माल वेगळा होतो, घरी शिजवून आणणाऱ्यांचं मला विचारावं लागेल. त्यावर ते मोकळे झाले. गेल्या हंगामात त्यांच्याकडे आलेल्या एका लॉटचं सगळं सांगितलं: कोणाचा होता, तो आत घ्यायला कोणी संमती दिली, नंतर कंपनीत कोणावर खापर फुटलं. चहाचा कप हातात असताना माणूस बोलतो तसं ते बोलले. जाताना म्हणाले, "मेल टाका, फोनवर बोलू."

ते वळल्यावर लगेच, पुढचा माणूस टेबलाशी यायच्या आत, मी त्यांच्या कार्डामागे लिहून घेतलं: मोडलं, गाभा गडद, जाड-बारीक वेगळं?, मी विचारून सांगणार. ही सवय मला मोंढ्यात आडतीवर काम करताना लागली. तिथे तोंडी ठरलेलं संध्याकाळपर्यंत बदलतं.

परभणीमार्गे रात्री घरी पोहोचले. सकाळी शेडवर जाऊन घरी शिजवणाऱ्या शेतकऱ्यांना फोन केले. बहुतेक जण सगळं एकत्रच शिजवतात, हे मला ठाऊक होतं. पण तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचं नव्हतं. मग दुपारच्या आत हा मेल पाठवला:

"विषय: जाड हळकुंडाचा गाभा, काल आपण बोललो ते. १५ मिनिटं फोन?

नमस्कार साहेब, काल चहाच्या वेळी आमच्या टेबलावर तुम्ही जाड हळकुंड मोडून आतला गडद भाग दाखवलात आणि जाड-बारीक माल वेगळा वाळवतो का, असं विचारलंत. विचारून सांगते म्हटलं होतं, ते सांगते. आमच्या बॉयलरवरचा माल निवडून, वेगळा शिजवला आणि वाळवला जातो. शेतकरी घरी शिजवून आणतात त्याची खात्री मी देऊ शकत नाही.

तुमच्याकडे नमुना पोत्यात कुठून घेतात आणि ओलावा कोणत्या पद्धतीने मोजतात, एवढं समजून घ्यायचं आहे. १५ मिनिटं पुरतील. गुरुवारी सकाळी ११ किंवा शुक्रवारी दुपारी ४ चालेल का? नसेल तर तुमची वेळ कळवा. या फोनवर भावाचं बोलणं करणार नाही."

पाठवायच्या आधी आमचे अध्यक्ष अण्णा शेजारी बसून वाचत होते. त्यांना दोन गोष्टी पटल्या नाहीत. "खात्री देऊ शकत नाही असं कुणी लिहितं का, ताई? अन् भावाचं बोलणार नाही म्हणताव, मग फोन कशापायी करायचा?" पत्रक जोडलं नाही म्हणूनही ते नाराज होते. अण्णांचा माझ्यावर जीव आहे, पण माल विकायचा म्हणजे मालाचं कौतुक करायचं एवढंच त्यांना माहीत. मी म्हटलं, ज्या माणसाने हळकुंड मोडून गाभा बघितला त्याला कौतुक नको आहे. प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते पहिल्या परिच्छेदातच मिळालं तर तो पुढचं वाचेल. दोन वेळा दिल्या त्याचंही कारण आहे. 'तुमच्या सोयीने सांगा' म्हटलं की वेळ शोधायचं काम समोरच्यावर पडतं आणि मेल बाजूला राहतो. दोन वेळा असल्या की एक निवडणं सोपं.

गेल्या हंगामातल्या लॉटचा मात्र मी एका शब्दाने उल्लेख केला नाही. खरं तर आठवण पटवून द्यायला तीच सगळ्यात पक्की खूण होती. 'तुम्ही त्या लॉटचं सांगितलंत' एवढं लिहिलं असतं तरी त्यांना चेहरा लगेच आठवला असता. पण मेल कंपनीच्या पत्त्यावर जातो, पुढे पाठवला जातो, कोणीही वाचतं. चहावर बोललेलं आणि टेबलावर सगळ्यांसमोर केलेलं यात फरक आहे. हळकुंड मोडणं सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून संभाषणाची खूण म्हणून मी तेवढंच घेतलं.

संध्याकाळी उत्तर आलं: शुक्रवार ४. नंबर पाठवा.

शुक्रवारी चारला फोन आला तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचा मेल मी आमच्या क्वालिटीच्या मॅडमना दाखवला, त्याही लाइनवर आहेत." मला याची कल्पना नव्हती. मॅडमचं बोलणं थेट आणि नेमकं. त्यांनी आधी पद्धत सांगितली. हळदीत बाष्प होणारं तेल असतं, त्यामुळे नुसतं भट्टीत तापवून वजन घटलं ते पाणी धरलं तर तेलही पाण्यात मोजलं जातं. म्हणून त्यांची प्रयोगशाळा टोल्यूइनमध्ये उकळून पाणी वेगळं काढते आणि ते मोजते. आमचं हातातलं मीटर काय दाखवतं त्याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

पण त्यांनी सांगितलेली खरी अडचण वेगळीच होती. अख्ख्या हळदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. पोत्याच्या तोंडाजवळून घेतलेल्या नमुन्यात बारीक हळकुंड जास्त येतं. ते दळून मोजलं की अहवाल मर्यादेत बसतो. त्याच पोत्यातलं जाड हळकुंड एकट्याने मोजलं तर आकडा वर जातो. सरासरी बरोबर आणि माल खराब, असं होतं. ही गोष्ट मी इतकी वर्षं या धंद्यात राहून कोणाच्या तोंडून इतकी स्वच्छ ऐकली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "साहेबांनी तुम्हाला आमच्या कोणत्या लॉटबद्दल सांगितलं का?"

साहेब काही बोलले नाहीत. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या ताटातलं हळकुंड मोडून त्यांनी गाभा दाखवला आणि वाळवण्याचं विचारलं, त्यावरूनच मी मेल लिहिला. तुमच्या आतल्या मालाचं तुम्ही त्यांच्याशीच बोलावं." मॅडम "ठीक" म्हणाल्या आणि नमुन्यांकडे वळल्या.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी मॅडमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हेही खरं, आणि त्या हुशार बाईंना ते कळलं असणार. साहेबांचा विश्वास राखताना मॅडमशी पहिल्याच बोलण्यात मी हातचं राखून बोलले. आमचा माल आत जाईल तो मॅडमच्या सहीने.

चौदा-पंधरा मिनिटं झाली तेव्हा मी स्वतःहून थांबले. साहेब आणखी बोलायच्या तयारीत होते, पण मागितलेला वेळ तेवढाच होता. संध्याकाळी दोघांच्या नावे तीन ओळींचा मेल केला: बॉयलरवरच्या मालाचे तीन लॉट, प्रत्येकी अर्धा किलो, पोत्याच्या मधून काढून, जाड आणि बारीक वेगळ्या पिशव्यांत. घरी शिजवलेला माल यात नाही. सोमवारी कुरिअर.

अण्णांना हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त टोचलं. घरी शिजवणारेही आपलेच सभासद आहेत, त्यांचा माल मग कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर एका बॉयलरवर नाही. दुसरा लागेल, आणि शिजवायच्या आधी गट्टू वेगळा काढायला माणसं लागतील. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय मी घेणार आहे.

नमुने पोहोचले, अहवाल यायचा आहे. तो आला की पुन्हा फोन होईल. आधी साहेबांशी एकट्याने बोलून घ्या, मॅडमना काय कळलंय ते विचारा, असं अण्णा म्हणतात. मला ते पटत नाही. तसं केलं तर साहेबांच्या आणि मॅडमच्या मधे जे काही आहे त्यात मी एका बाजूची होते, आणि पुढे आमचा एखादा लॉट नाकारला गेला तर तो हळदीमुळे नाकारला की या जवळिकीमुळे, हे मला कधीच कळणार नाही. वेळेसाठी मेल दोघांनाच जाईल, अहवालातल्या आकड्यापासून सुरुवात करून.