फोल्डेड कॅस्कोड: 68 डीबी हातावर, 50 स्क्रीनवर

मागच्या वेळी टेलिस्कोपिक ऑप-अँपचा 74 डीबी गेन बघून भारी वाटलं होतं. पण बफर म्हणून जोडलं आणि सगळी हवा गेली. आऊटपुट इनपुटलाच बांधलं की ते फक्त थ्रेशोल्ड वजा ओव्हरड्राइव्ह एवढंच हलतं, म्हणजे 0.5 वजा 0.2, जेमतेम 0.3 व्होल्ट. म्हणून पीमॉस इनपुटचा फोल्डेड कॅस्कोड घेतला. सप्लाय तोच 1.8.

इथे आऊटपुटच्या वाटेत पाचाऐवजी चारच ओव्हरड्राइव्ह येतात, त्यामुळे 0.8 ऐवजी 1 व्होल्टचा स्विंग. त्याची किंमत गेनमध्ये मोजावी लागते. दुमडलेल्या नोडखालच्या एम5 मधून इनपुटचे 50 आणि कॅस्कोडचे 50, असे 100 मायक्रोअँप जातात, म्हणून त्याचा आरओ 200 किलोओहमऐवजी 100. वर इनपुट ट्रान्झिस्टरचा 200 त्याच्या समांतर. नोडवर उरले 67. आऊटपुट रेझिस्टन्स 10 मेगाओहमवरून 5 वर आणि गेन निम्मा, 68 डीबी. करंट मात्र दुप्पट!

एवढं मान्य होतं. पण सिम्युलेशन 50 च्या वर जाईना, भो. आरसा बदलून पाहिला, लांबी वाढवून पाहिली, ढिम्म. ngspice दिसायला रुक्ष आहे, पण पोटातलं सगळं उघडं करून दाखवतं, म्हणून मला तेच आवडतं. शेवटी `op` चालवून एम5 ला विचारलं:

```
print @m5[vds] @m5[vdsat]
```

vds 0.15, vdsat 0.2. गडी ट्रायोडमध्ये बसलेला! कॅस्कोडचा सोर्स जमिनीवर नसतो, बॉडी इफेक्टने त्याचा थ्रेशोल्ड 45-50 मिलिव्होल्ट चढतो आणि तेवढाच खालचा नोड दबतो. ट्रायोडमध्ये आरओ कोसळला की नोडचे 67 किलोओहम कुठले राहतात?

बायस देणारा डायोड-जोडणीचा ट्रान्झिस्टर कॅस्कोडच्या चौथाई आकाराचा होता. पुस्तकी हिशेबाने तो 0.9 व्होल्ट देतो, पण त्यात बॉडी इफेक्टला जागाच नाही. सहावा हिस्सा केला, बायस 0.99 झाला, नोड 0.245 वर आला आणि गेन 67! स्विंग जेमतेम 45 मिलिव्होल्टने घटला, खुशाल घटू दे. आमच्या जळगावात मे महिन्यात खोलीच 42 अंशांवर असते, म्हणून मी ngspice चं ठरलेलं 27 सोडून `.temp 45` लावून पुन्हा पाहिलं. एम5 सॅच्युरेशनमध्येच आहे.

आता बफर जोडणारच होतो, तर लक्षात आलं की पीमॉस जोडीचा इनपुट 0.9 च्या वर चढतच नाही. आऊटपुट 0.45 पासून 1.4 पर्यंत मोकळं असलं तरी बफरला 0.45 व्होल्टच मिळणार. म्हणून बेत बदलला. इनपुट 0.6 वर स्थिर ठेवून इन्व्हर्टिंग करतो. फीडबॅकला रेझिस्टर लावला तर 5 मेगाओहमवर मिळवलेला गेन मातीत जाईल, तेव्हा कपॅसिटरच. इनपुट नोडला डीसी वाट देणारा स्विच कसला घ्यावा यावर डोकं चालू आहे.