40 शब्दांच्या बातमीचा आठ शब्दांत इंग्रजी मथळा

मराठी बातमीवरून इंग्रजी मथळा करायचं काम मी डेस्कवर रोज करतो. शब्द सापडतात, जागेतही बसवता येतात. खरी कसोटी लागते ती काळाची. मराठी वाक्यातला भूतकाळ इंग्रजी मथळ्यात कधी वर्तमानकाळ होतो, कधी भविष्यकाळ, आणि क्वचित भूतकाळच राहतो. ज्या कॉपीवर हे मला सगळ्यात नीट उमगलं, तिचं पहिलं वाक्य साधारण असं होतं:

अवकाळी पावसामुळे पिकांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी राज्य सरकारने बाधित क्षेत्राचे पंचनामे पंधरा दिवसांत पूर्ण करून त्यानंतर मदतीची रक्कम थेट शेतकऱ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय मंगळवारी झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत घेतला असल्याची माहिती महसूलमंत्र्यांनी पत्रकारांशी बोलताना दिली.

40 शब्द. पानावर जागा होती एका ओळीची, मोकळ्या जागा धरून 48 अक्षरांची.

अशा वाक्यात मी आधी क्रियापदं शोधतो. सगळ्यात शेवटी आहे ‘माहिती दिली’. व्याकरणाच्या दृष्टीने मुख्य क्रियापद तेच, पण बातमी त्यात नाही. मंत्री बोलले, एवढंच ते सांगतं. त्याच्या आतलं क्रियापद ‘निर्णय घेतला’. त्यातही बातमी पुरती नाही, कारण निर्णय कशाचा हे कळत नाही. त्याच्याही आत गेलं की ‘पंचनामे पूर्ण करून’ आणि ‘रक्कम जमा करण्याचा’ सापडतात. वाचकाला हवं आहे ते इथे. मराठी बातमी बाहेरून आत अशी गुंडाळलेली असते आणि मथळा करताना ती आतून उलगडावी लागते.

आता काळाकडे येऊ. ‘दिली’ आणि ‘घेतला’ ही दोन्ही रूपं भूतकाळी आहेत. इंग्रजी मथळ्यात ताजी, घडून गेलेली घटना साध्या वर्तमानकाळात लिहितात, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. तो इथे डोळे मिटून लावला, की हे हाती येतं:

```
Farmers get rain aid
```

सुटसुटीत आहे, पण खोटं आहे. मथळ्यातल्या वर्तमानकाळाचा अर्थ ‘झालं’ असा होतो. हे वाचणारा समजेल की पैसे खात्यात आले. प्रत्यक्षात पंचनामेही सुरू झालेले नाहीत. म्हणून मी मराठी क्रियापदाचा काळ बाजूला ठेवतो आणि विचारतो: मी जी गोष्ट मथळ्यात घेतोय, ती घडली आहे का? निर्णय घडला, मदत व्हायची आहे. मी मदत मथळ्यात घेणार असेन, तर तिथे ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप हवं. इंग्रजी मथळे ‘विल’ सहसा टाळतात आणि ठरलेली पुढची गोष्ट ‘टू’ने सांगतात.

कर्मणी रूपाचा मोहही मी टाळला. मथळ्यात ‘वॉज’, ‘वेअर’ गाळतात, त्यामुळे ‘फार्मर्स पेड’ एवढंच उरतं. मग शेतकऱ्यांना पैसे मिळाले, की शेतकऱ्यांनी कोणाला दिले, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजीत बऱ्याच क्रियापदांचं भूतकाळी आणि कर्मणी रूप एकच असतं, म्हणून हा घोटाळा वारंवार होतो. कर्ता आधी ठेवून कर्तरी रचना केली की तो सुटतो.

मग मी हा मथळा पुढे केला:

```
Rain-hit farmers to get aid in 15 days
```

काळ बरोबर आहे, जागेतही आरामात बसतो. आमच्या मुख्य उपसंपादक मॅडमनी मूळ वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “पंधरा दिवस कशाला दिलेत?” पंधरा दिवस पंचनाम्यांना दिले आहेत. मदत त्यानंतर, आणि ‘त्यानंतर’ म्हणजे किती दिवसांनी, हे सरकारने सांगितलेलंच नाही. माझ्या मथळ्याने ती मुदत पंचनाम्यांवरून उचलून पैशांवर नेली होती. “शेतकरी हे वाचून सोळाव्या दिवशी बँकेत जाईल,” त्या म्हणाल्या. मुदतीचा आकडा ज्या क्रियेचा आहे तिला सोडून दुसरीकडे जात असेल, तर तो मथळ्यातून काढून पहिल्या परिच्छेदात द्यायचा, हे मी तेव्हापासून पाळतो.

शेवटी पानावर हे गेलं:

```
State to aid rain-hit farmers after crop survey
```

47 अक्षरं, आठ शब्द. पूर्ण वाक्य असतं तर त्यात ‘स्टेट’च्या आधी ‘द’, ‘टू’च्या आधी ‘इज’, ‘क्रॉप सर्व्हे’च्या आधी ‘अ’ आलं असतं. मथळ्यात ही सगळी गळतात. मंगळवार गेला, कारण ताज्या बातमीच्या मथळ्यात वाराची गरज नसते. मंत्रिमंडळ आणि महसूलमंत्री गेले, कारण निर्णय सरकारचाच आहे आणि कर्ता म्हणून ‘स्टेट’ उभं आहे. दावा एखाद्याचा वैयक्तिक किंवा वादग्रस्त असता, तर शेवटी अपूर्णविराम देऊन बोलणाऱ्याचं पद लिहिलं असतं. थेट बँक खात्याचा तपशील जाताना मला वाईट वाटलं, पण तो पहिल्या परिच्छेदात नीट मांडता आला. ‘आफ्टर’ मात्र मी कोणत्याही परिस्थितीत सोडलं नसतं. पंचनामे आधी, मदत नंतर, ही अट त्या एका शब्दावर उभी आहे.

‘रेन-हिट’मधली जोडरेघही तशीच. ती गाळली की ‘हिट’ हे क्रियापद वाटू लागतं आणि ‘पावसाने शेतकऱ्यांना झोडपलं’ असं वेगळंच वाक्य मध्ये उभं राहतं. ‘हिट’चं वर्तमानकाळी आणि भूतकाळी रूप सारखंच असल्याने वाचक तिथे अडखळतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. अशी अडखळ शोधायला मी मथळा एकदा भरभर, जसा वाचक वाचेल तसा, मनात वाचतो. डोळा मागे वळला तर रचना बदलायची.

हीच बातमी पुढे सरकते तसा काळही बदलत जातो, आणि डेस्कवर नव्याने आलेल्यांना मी तो याच उदाहरणावरून दाखवतो. रक्कम प्रत्यक्ष जमा झाली, की ‘टू’ जाऊन वर्तमानकाळ येतो, कारण आता तो खरा आहे:

```
State pays rain-hit farmers
```

पंचनाम्यांची मुदत उलटूनही काही आलं नाही, तर ‘येट टू’ कामाला येतं:

```
Rain-hit farmers yet to get aid
```

आणि समजा वर्षभराने लेखापरीक्षणातून कळलं, की पंचनाम्यांतून चाळीस गावं वगळली होती. इथे बरेच जण सवयीने सगळं वर्तमानकाळात नेतात. पण गावं वगळली गेली वर्षभरापूर्वी, आज फक्त अहवाल आला. वगळणं वर्तमानकाळात लिहिलं, तर पंचनामे आत्ताच झाल्यासारखे वाटतील. म्हणून जुनी घटना भूतकाळात राहते आणि ताजा अहवाल वर्तमानकाळात येतो:

```
Crop survey left out 40 villages, says audit
```