तोंडाचा आ आणि लाल बाण

खरोखर दचकलेला चेहरा फार काळ दचकलेला राहत नाही. भुवया वर जातात, पापण्या मागे सरतात, जबडा सैल पडतो आणि सेकंद-दोन सेकंदांत त्या जागी भीती, हसू नाहीतर नुसतं ‘हात्तिच्या’ उमटतं. यूट्यूबच्या यादीत प्रत्येक व्हिडिओसाठी जे छोटं चित्र दिसतं, त्या थंबनेलमधली माणसं मात्र वर्षानुवर्षं आ वासून बसलेली आहेत. कुणी कढई बघून, कुणी मोबाइल बघून, कुणी आपल्याच बँकखात्याकडे बघून. इतक्या जणांचा नेमका तो क्षण कॅमेऱ्यात कसा सापडला, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपं आहे: तो सापडलेला नसतो, काढलेला असतो. दिवे लावून, साध्या भिंतीसमोर उभं राहून एकामागून एक वीस-तीस फोटो काढायचे आणि त्यातला सर्वांत भडक निवडायचा. हे काम पुष्कळदा मूळ व्हिडिओ चित्रित होण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणजे ज्या गोष्टीने धक्का बसला, ती घडायच्या आधीच धक्का तयार असतो.

एवढा भडकपणा कशाला, हे कळण्यासाठी आकार लक्षात घ्यावा लागतो. थंबनेल साधारणपणे तयार होतं 1280 बाय 720 पिक्सेलचं, पण व्हिडिओशेजारच्या यादीत ते उरतं जेमतेम पावणेदोनशे पिक्सेल रुंदीचं. त्या आकारात साधं हसू दिसतच नाही. दिसतात फक्त तीन गोष्टी: तोंडाची काळी पोकळी, डोळ्यांचा पांढरा भाग आणि भोवतीचा गडद रंग. म्हणून चेहरा निम्मं चित्र व्यापतो, त्याच्याभोवती जाड पांढरी कड काढली जाते, पार्श्वभूमी धूसर केली जाते आणि मजकूर तीन-चार शब्दांवर उरकतो. खालचा उजवा कोपरा रिकामा सोडतात, कारण तिथे व्हिडिओच्या लांबीचा आकडा येऊन बसतो. नवखा माणूस हमखास तिथेच आपला सर्वांत मोठा शब्द टाकतो आणि ‘धक्कादायक’मधलं ‘दायक’ त्या आकड्याखाली गडप होतं.

इथपर्यंत सगळी रंगरंगोटी. खरा खोटेपणा सुरू होतो डोळ्यांपासून. फोटोशॉपमध्ये लिक्विफाय नावाची सोय आहे. 2016 पासून ती चेहरा स्वतः ओळखते आणि डोळे, ओठ, जबडा यांच्यासाठी सरकपट्ट्या देते. डोळ्यांची पट्टी थोडी उजवीकडे ओढली की डोळे मोठे. पण इथेच चोरी पकडली जाते. माणसाचं बुबुळ साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर व्यासाचं असतं आणि तो कितीही घाबरला तरी तेवढंच राहतं. खरे डोळे विस्फारतात तेव्हा बुबुळ वाढत नाही, पापण्या मागे जाऊन बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडतो. लिक्विफायला हे शरीरशास्त्र ठाऊक नाही. ते डोळा सरसकट फुगवतं, बुबुळासकट. परिणाम भेदरलेला न दिसता बाहुलीसारखा गोंडस दिसतो. कुणी फक्त उंचीची पट्टी ओढली असेल तर बुबुळ उभट, अंडाकृती होतं. आणि कपाळ बघा: भुवया खऱ्या अर्थाने उंचावल्या असतील तर कपाळावर आडव्या वळ्या येतातच (तरुण कातडीवर त्या पुसट असतात, एवढी सूट द्यावी). डोळे बशीएवढे आणि कपाळ इस्त्री केल्यासारखं असेल, तर भीती माउसने आणलेली आहे.

चष्मेवाल्यांचं पितळ आणखी लवकर उघडं पडतं. डोळा ताणताना भोवतीचे पिक्सेलही ओढले जातात, त्यामुळे चष्म्याची कड एका बाजूला फुगते आणि दोन काचा दोन मापांच्या दिसू लागतात. जबडा लांबवला तर शर्टाची कॉलर वाकते. मागे दाराची चौकट किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर सरळ रेषा चेहऱ्याजवळ येऊन हलकेच पोक काढते. म्हणूनच जाणते लोक आधी चेहरा कापून वेगळा करतात, मग ताणतात आणि नंतर पार्श्वभूमीवर चिकटवतात. तसं केलं की चौकट सरळ राहते, पण प्रकाश चुकतो: नाकाची सावली डावीकडे, मागच्या खोलीची उजवीकडे.

थंबनेलवरच्या लाल बाणाबद्दल मात्र मला थोडा आदर आहे. त्याच्याइतकी कमी मेहनतीत इतकं काम करणारी दुसरी वस्तू या धंद्यात नाही. बाण दिसला की नजर टोकाकडे जाते, तिला थांबवता येत नाही. टोकाशी काही दिसलं नाही, तर माणूस ‘इथे काही नाही’ असं म्हणत नाही. ‘लहान दिसतंय, उघडून बघू’ असं म्हणतो. म्हणून बाणाचं टोक बहुधा अंधाऱ्या, दाणेदार, काहीही असू शकेल अशा जागी नेऊन ठेवलेलं असतं. लाल वर्तुळाचं काम तेच. याहून बेरकी म्हणजे धूसर केलेला चौकोन. त्याला पाहून वाटतं, दाखवू नये असं काहीतरी खाली आहे. खाली साधी बादलीही असू शकते.

आता एक नमुना सोडवून पाहू. समजा सोळा मिनिटांचा व्हिडिओ आहे, नाव ‘भिंत फोडली आणि...’. थंबनेलमध्ये डावीकडे आ वासलेला गवंडी, उजवीकडे भिंतीतलं भगदाड, भगदाडात चमकणारे दोन डोळे, त्यांच्याभोवती वर्तुळ आणि बाण. पहिली पायरी म्हणजे चित्र पूर्ण आकारात बघणं. व्हिडिओच्या पत्त्यात `v=` नंतर अकरा अक्षरांचा क्रमांक असतो. तो खालच्या ओळींत VIDEO_ID च्या जागी घालून ब्राउझरमध्ये उघडायचा.

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hq1.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hq2.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hq3.jpg
```

पहिल्या ओळीने मूळ थंबनेल मिळतं. (जुन्या किंवा कमी प्रतीच्या व्हिडिओला ते नसतं, तेव्हा `hqdefault.jpg` वर भागवावं.) मोठ्या आकारात काय दिसतं? भगदाडाच्या कडा ढोबळ आणि दाणेदार, पण आतले डोळे सुरीने कापल्यासारखे स्वच्छ. एकाच कॅमेऱ्याने एकाच अंधारात टिपलेल्या दोन गोष्टींच्या दाणेदारपणात एवढा फरक पडत नाही. म्हणजे डोळे बाहेरून आले. गवंड्याची बुबुळं फुगलेली आहेत, कपाळ सपाट आहे. झालं, निम्मा निकाल लागला.

उरलेल्या तीन ओळींतून यूट्यूबने स्वतः व्हिडिओतून उचललेली चित्रं मिळतात: सुरुवातीकडचं, मधलं आणि शेवटाकडचं. थंबनेल बनवणाऱ्याला इथे हात घालता येत नाही. आपल्या नमुन्यात पहिल्यात अखंड भिंत, दुसऱ्यात छिन्नी, तिसऱ्यात विटांचा ढीग आणि कंबरेवर हात ठेवलेला तोच गवंडी, चेहऱ्यावर दुपारची मरगळ. पुढची पायरी म्हणजे व्हिडिओ न चालवता खालच्या पट्टीवरून माउस सरकवत छोटी चित्रं बघणं. 2022 पासून पुष्कळ व्हिडिओंच्या पट्टीवर, लोकांनी कुठला भाग जास्त वेळा पाहिला त्याचा उंचवटाही दिसतो. तो तेराव्या मिनिटाशी टोकदार असेल तर थेट तिथे जावं: इतरांनीही तेच डोळे शोधलेले असतात. तेराव्या मिनिटाला भगदाडातून एक उंदीर निघून जातो. म्हण शब्दशः खरी करून दाखवल्याबद्दल दाद द्यावी, हवं तर.

या तपासणीला मर्यादा आहे. पट्टीवरची छोटी चित्रं काही सेकंदांच्या अंतराने घेतलेली असतात, त्यामुळे दोन सेकंदांचं दृश्य दोन चित्रांच्या मधे निसटू शकतं. तिथे काही दिसलं नाही म्हणजे नक्कीच नाही, असं म्हणता येत नाही. उंचवटाही प्रत्येक व्हिडिओला नसतो; फार कमी लोकांनी पाहिलेला असेल तर तो बहुधा येतच नाही.

उंदीर तेराव्या मिनिटाला का, तिसऱ्या का नाही, याचं कारण 2012 मध्ये आहे. त्याआधी यूट्यूब किती जणांनी व्हिडिओ उघडला यावर भर द्यायचं, म्हणून थंबनेलमध्ये काहीही थापा चालत. अगदी सुरुवातीच्या वर्षांत तर थंबनेल व्हिडिओतल्याच ठरावीक जागांवरून उचललं जाई, तेव्हा लोक नेमक्या मध्यभागी क्षणभरासाठी एक भलतंच आकर्षक चित्र घुसडून ठेवत. 2012 मध्ये भर पाहण्याच्या वेळेवर आला. निखळ थाप मारली की प्रेक्षक दहाव्या सेकंदाला निघून जातो आणि व्हिडिओ मागे पडतो. यावर उपाय निघाला तो थाप सोडण्याचा नव्हता. दाखवलेली वस्तू व्हिडिओत ठेवायची, पण लांब ठेवायची आणि थोडीच ठेवायची. चमकणारे डोळे अगदीच खोटे नकोत, कुठले तरी डोळे असले म्हणजे झालं. आजचं बरंचसं फसवं थंबनेल या जातीचं आहे, आणि त्याची तक्रार करणं अवघड जातं. यूट्यूबच्या नियमांत व्हिडिओत नसलेलं काही आहे असं भासवणाऱ्या थंबनेलला मनाई आहे; पण इथे उंदराला डोळे होते, असा युक्तिवाद तयारच असतो.

आ वासण्याचीही सद्दी कदाचित ओसरते आहे. सर्वांत मोठ्या वाहिन्यांपैकी एक चालवणाऱ्या मिस्टरबीस्टने 2023 मध्ये जाहीर सांगितलं की थंबनेलमध्ये तोंड मिटल्यावर त्याचे व्हिडिओ जास्त मिनिटं पाहिले जाऊ लागले. त्यानंतर ओठ मिटलेल्या, भुवया उचललेल्या चेहऱ्यांची लाट आली. आता एकाच व्हिडिओला तीन थंबनेलं लावून यूट्यूबकडूनच चाचणी घेता येते: वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळं चित्र दिसतं, दोन आठवड्यांपर्यंत हे चालू शकतं आणि ज्या चित्रामुळे पाहण्याचा वेळ जास्त जमतो ते जिंकतं. त्यामुळे काल यादीत पाहिलेला व्हिडिओ आज सापडत नसेल, तर चित्र आठवत बसू नये. ते बहुधा बदललेलं असतं आणि पुष्कळदा नावही. वाहिनीचं नाव आठवत असेल तर तिथे जाऊन व्हिडिओची लांबी जुळवावी. सोळा मिनिटं चार सेकंद सहसा सोळा मिनिटं चार सेकंदच राहतात.