आमची वाटचाल : माग घरचा, सूत बाहेरचं

विट्यात आज आमचे चोवीस यंत्रमाग चालतात. त्यांच्या शेजारच्या खोलीत पणजोबांचा खड्डामाग आम्ही जपून ठेवला आहे. धंद्याची सुरुवात विचारली की मी आधी तो दाखवतो. मग सगळे विचारतात, गिरणीच्या कापडानं हातमाग कसा बुडवला? आमच्या घरात मात्र पहिला घाव मागावर पडला नाही, तो पणजीच्या सूत कातायच्या रहाटावर पडला.

हे हिशेबानं सांगतो. नऊ वारी लुगडं, पन्हा ४५ इंच, २० नंबरचं सूत, इंचाला ४० उभे धागे आणि ३६ आडवे. एवढ्याला साधारण ३०,००० वार सूत लागतं. वजन होतं पावणेदोन-दोन पौंड. रहाटावर सराईत हात तासाला ३००-४०० वार सूत काढतो. म्हणजे रोज आठ तास बसली तरी एका बाईला एका लुगड्याच्या सुताला दहा-अकरा दिवस लागायचे. पिंजणं, पेळू वळणं वेगळंच. तेच लुगडं मागावर विणायला अडीच-तीन दिवस. एक माग चालता ठेवायला चार बायांनी दिवसभर कातायला हवं, आणि दिवसभर कोण बसणार? स्वयंपाक, जनावरं, शेतातलं काम उरकून दुपारी नि रात्री बसायच्या. त्यामुळे एका मागामागं सात-आठ घरांतले रहाट फिरत. चार पैसे त्या बायांच्या हातात येत.

गिरणीत एक माणूस सूत कातणाऱ्या शेकडो चात्या सांभाळतो. त्या दराशी रहाट टिकणं शक्यच नव्हतं. आधी इंग्लंडचं सूत आलं, मग मुंबईच्या गिरण्यांचं. पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे आल्यावर गाठोडी आणखी स्वस्तात उतरू लागली. सरकारचा हातही होताच. १८८२ साली विलायती सुती मालावरची आयात जकात उठली. १८९६ साली कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, पण तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावरही लावला. विलायती सुताला मात्र माफी. गिरणी कापडावरचा तो कर १९२५ पर्यंत टिकला.

विणकरानं हे सूत हौसेनं घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. हातसूत कुठं जाड, कुठं बारीक. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, ताण बसला की तुटायचं, आणि प्रत्येक तुटलेल्या धाग्यासाठी माग थांबवून गाठ मारावी लागायची. म्हणून पणजोबांनी आधी फक्त ताणा गिरणीच्या सुताचा केला, आडवा बाणा हातसुताचा ठेवला. पुढं बाणाही गेला. पणजीचा रहाट माळ्यावर चढला आणि ती खुरपणीला लोकांच्या रानात जाऊ लागली.

सूत घरचं होतं तोवर कापूस उधार मिळायचा, कष्ट घरचे असायचे. आता सूत व्यापाऱ्याकडून, तेही उधारीवर, आणि तयार लुगडं त्यालाच, तो म्हणेल त्या भावानं. पुढं मजुरीवरच विणायचं. माग आपला, खड्डा आपल्या घरातला, पण मालक दुसराच. माझ्या मते हातमागाची खरी हार इथं झाली. साधं धोतर, पांढरं मांजरपाट हे नंतर गिरणीनं खाल्लंच.

काठाचं लुगडं मात्र टिकलं. त्यात आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि प्रत्येक फेरीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवायचा. गिरणीच्या मागाला ते परवडत नव्हतं. तिथं एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. ओळखायचं असेल तर काठ उजेडात धरा. अंगाचा रंग काठात मिसळून काठ मळकट दिसला, तर एकाच धोट्याचं काम. काठ दाट, एकरंगी निघाला, तर तीन धोट्यांचं.

तरीही या लुगड्याचं गिऱ्हाईक शेतकरीच, आणि आमचा भाग कमी पावसाचा. १८७६-७७, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात जोंधळा महागला आणि नवं लुगडं घेणारं कोणी उरलं नाही. अशा वेळी विणकर सोलापूरच्या, मुंबईच्या गिरणीत जायचे. पणजोबांचे धाकटे भाऊही असेच मुंबईला गेले. ज्या सुतानं बायकोचा रहाट थांबवला, ते सूत काढायला ते गिरणीत उभे राहिले.

आजोबांनी दोरीनं पळवायचा धावता धोटा बसवला, त्यानं दिवसाचं विणकाम जवळजवळ दुप्पट झालं. १९६० च्या सुमारास दोन जुने यंत्रमाग घेतले. वडिलांनी बारा केले, मी चोवीस. पण सूत आजही बाहेरूनच येतं. दर आठवड्याला सुताचा भाव बघूनच मी ठरवतो, किती माग लावायचे आणि किती बंद ठेवायचे. गेल्या उन्हाळ्यात नऊ बंद होते. म्हणून मी मजुरीचं काम कमी करत आणलंय. स्वतःचं सूत रोखीनं घेतो, थोडंच घेतो, आणि खड्डामागावर एक जण अजून तीन धोट्यांचं काठाचं लुगडं विणतो. त्याचा भाव आम्ही ठरवतो.