बुजगावणं गेलं कुठे, वावर तर तिथंच

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात फिलॉसॉफी शिकवतो आणि जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लची 'कंसात ठेवण्याची' पद्धत आली की दरवर्षी माझी फजिती ठरलेली. नैसर्गिक वृत्ती म्हणजे काय ते पोरांना लगेच कळतं: जग आहेच, माझ्या आधीपासून आहे, मी झोपलो तरी राहणार, हे न बोलता धरून आपण दिवसभर वावरतो, तीच ती. पण हे धरून चालणं कंसात ठेवा म्हटलं की एक जण विचारतोच, म्हणजे जग खोटं समजायचं का सर, मायेसारखं?

डिसेंबरात एनएसएसचा कॅम्प होता. सकाळी साडेसहाला दाट धुकं, दहा-बारा पोरं घेऊन पांदणीनं फिरायला निघालो तर तुरीच्या वावरात एक माणूस उभा, आमच्याकडेच बघत. एकानं "राम राम काका" घातला. काही उत्तर नाही. अजून थोडं पुढे गेलो तर बुजगावणं! पोरं हसून हसून बेजार, आणि मला वाटलं आयतं उदाहरण सापडलं, कारण हुसर्लनं पण असंच एक दिलंय, बर्लिनच्या मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात जिन्यावर एक बाई दिसते आणि मग कळतं की ती मेणाची आहे.

तिथंच धुऱ्यावर बसवलं आणि म्हटलं, लिहा काय बदललं ते. एका मुलीनं फार छान लिहिलं. शर्ट तोच, रंग तोच, पण आधी तो 'घातलेला' होता, नंतर 'टांगलेला' झाला. आणि पाठ आम्हाला दोन्ही वेळा दिसलीच नव्हती, तरी आधी ती माणसाची पाठ होती, नंतर तुराट्यांची. म्हणजे आपल्याला दिसते एकच बाजू, बाकीची आपण सोबत धरलेली असते.

मी खुशीत येऊन म्हणालो, बघा, हेच कंसात ठेवणं. तर मागं बसलेला एक पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, तो म्हणे, "सर, माणूस गेला अन् बुजगावणं आलं, पण वावर कुठी गेलं? ते तं तिथंच हाये ना."

मी गपच झालो. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीच चुकीचं शिकवत होतो. हुसर्लनं 1913 च्या 'आयडियाज' या पुस्तकात हेच लिहिलंय की एखादी वस्तू खोटी निघाली, भास निघाली, तरी जग आहे हा आपला धरलेला विश्वास हलत नाही. उलट त्याच्याच जोरावर आपण माणूस खोडून बुजगावणं लिहितो. म्हणजे ही चूक-दुरुस्ती नैसर्गिक वृत्तीच्या आतलीच झाली. कंसात जायला पाहिजे ते वावरच, म्हणजे 'ते आहेच' हे धरून चालणं.

मग ट्रॅक्टर आठवला. न्यूट्रलवर टाकला की इंजिन चालूच असतं पण चाकाला जोर जात नाही. विश्वास तसाच ठेवायचा, फक्त त्याच्या जोरावर एकही विधान करायचं नाही. परत लिहायला लावलं.

एकानं लिहिलं, प्रकाश बुजगावण्यावरून डोळ्यात येतो आणि मेंदू चित्र बनवतो. हा गिअर टाकूनच बसलेला! दुसऱ्यानं लिहिलं, वावर आहे की नाही याची मला शंका आहे. हा रिव्हर्सला, कारण शंका घेणं म्हणजे पण आहे-नाहीच्या भांडणात उतरणंच झालं, सगळ्यावरच शंका घेऊन बघणाऱ्या तत्त्वज्ञ देकार्तसारखं. मी त्यांना ओळखायची एक सोपी युक्ती सांगितली, की समजा हे सगळं स्वप्न निघालं तर तुमचं वाक्य पडतं का बघा. मेंदूवालं पडतं. 'पाठ न दिसता धरलेली होती' हे उभंच राहतं, कारण ते वावराबद्दल नाही, वावर आपल्याला कसं भेटतं त्याबद्दल आहे.

त्या गप्प पोराची वही शेवटी बघितली. लिहिलं होतं, "मी डोये मिटले, उघडले. वावर मले नवं नाई वाटलं. मंधात मी नव्हतो पाहत तरी ते होतंच, असंच ते दिसते." म्हणजे 'माझ्याशिवाय आहे' हे त्यानं खरं म्हणून पण मांडलं नाही, खोटं म्हणून पण नाही, वावर ज्या रूपात समोर येतं त्याचाच एक भाग म्हणून टिपलं. मी दोनदा वाचलं.

पोरांना हे दाखवणार तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "कोन हाये बे वावरात?" आणि कंस-बिंस सगळं सोडून आम्ही पांदणीवर पळालो, सगळ्यात पुढे मीच.