साठाव्या दिवशी भरलेलं चलन

अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या जमिनीच्या लिलावाला साठ दिवस व्हायला तीनच दिवस उरले होते. "साहेब, मनी जमीन लुटी लिन्ही," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. सावकाराची डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, तो बजावण्यासाठी दरखास्त, जप्ती आणि मग लिलाव. बोली 7,40,000 वर तुटली होती. शेजारच्या बांधाला याच्या दुप्पट भाव मिळाला, हे तो शपथेवर सांगत होता.

कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मधल्या नियम 90 चा अर्ज आधीच दिला होता: लिलावात गैरप्रकार झाला, किंमत कमी आली. मी दरखास्तीचे कागद पाहिले. लिलावाचा जाहीरनामा ठरवण्यापूर्वीच्या नोटिशीवर त्याचीच सही होती आणि त्या तारखेला तो कोर्टात गेलाच नव्हता. जे आक्षेप तेव्हा घेता आले असते, ते नियम 90 खाली नंतर उचलता येत नाहीत. शिवाय नुसती किंमत कमी असून भागत नाही. जाहिरात किंवा लिलाव चालवण्यात मोठी अनियमितता वा फसवणूक झाली आणि तिच्यामुळेच मोठं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. त्याच्याकडे साक्षीला एक माणूसही नव्हता.

मी त्याला नियम 89 समजावून सांगितला. त्यात काही सिद्ध करायचं नसतं. जाहीरनाम्यात लिहिलेली वसुलीची रक्कम डिक्रीदारासाठी, म्हणजे सावकारासाठी, आणि बोलीच्या पाच टक्के खरेदीदारासाठी भरायची, की लिलाव रद्द. इथे 3,80,000 अधिक 37,000, म्हणजे 4,17,000. पण अर्ज आणि पैसे दोन्ही साठ दिवसांच्या आतच यायला हवेत. ही मुदत माफ करून मिळत नाही, कारण मुदत कायद्याचं कलम 5 आदेश 21 च्या अर्जांना लागत नाही. नियम 90 चा अर्ज उभा असताना नियम 89 चा अर्ज करता येत नाही, म्हणून आधी तो मागे घेणं भाग होतं.

हेच त्याला पटेना. "मंग तो चोर सुटना ना?" असं तो म्हणाला. त्याचा राग मला पूर्ण समजत होता, पण जमीन वाचवायची की भांडण, हे त्यालाच ठरवायचं होतं. रावेरच्या मेहुण्याने केळीचे आलेले पैसे दिले. साठाव्या दिवशी सकाळी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन जुना अर्ज मागे घेतला, नवा दाखल केला आणि दुपारी चलन भरलं. पावतीवरची तारीख मी दोनदा वाचली.

खरेदीदाराला नोटीस निघाली. बोलीच्या वेळी चौथा हिस्सा, 1,85,000, आणि पंधरा दिवसांत बाकी रक्कम त्याने भरली होती. तो चिडला, पण विरोधाला आधार नव्हता. विक्री कायम झालेली नव्हती, प्रमाणपत्र निघालं नव्हतं. त्याचे पैसे पाच टक्क्यांसह परत गेले.

जाहीरनाम्यात न धरलेलं व्याज आणि खर्च मात्र नियम 89 माफ करत नाही. ती बाकी त्याने पुढच्या हंगामात कापूस विकून फेडली, मग दरखास्त निकाली निघाली.